धावणाऱ्या मुलीसाठी गल्ली

पडद्यावर एक मुलगी गल्लीतून धावत येते. मुलगी छान काढलेली असते आणि गल्लीही मन लावून रंगवलेली असते. कौलं, खिडक्यांचे गज, ओटे, भिंतीवर उतरलेले पावसाचे ओघळ, सगळं जागच्या जागी असतं. तरी काहीतरी खटकत राहतं. तिचे पाय रस्त्याला टेकत नाहीत असं वाटतं, मधेच ती दारापेक्षा उंच दिसते, जवळ येता येता तिचा वेग उगाच मंदावतो. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण त्याच्या डोळ्याला ते कळतं. टूडी अ‍ॅनिमेशनच्या छोट्या फिल्म्समध्ये हा दोष फार वेळा दिसतो. बहुतेक वेळा त्याचं मूळ मुलीच्या चित्रात नसून गल्लीच्या चित्रात असतं. रंगाला हात घालण्याआधी पर्स्पेक्टिव्हची जी ग्रिड आखायला हवी होती, ती कोणी आखलेलीच नसते.

एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसलेल्या बहुतेकांना पर्स्पेक्टिव्हची तोंडओळख असते. दूर जाणारे रेल्वेचे रूळ एका बिंदूत मिळतात, तारेचे खांब लहान लहान होत जातात, एवढं आठवतं. तो बिंदू म्हणजे व्हॅनिशिंग पॉइंट. निसर्गचित्र काढणाऱ्याला एवढ्यावर भागवता येतं. वाड्यांच्या गल्लीचं जलरंगातलं चित्र थोडं अंदाजाने काढलं तरी कोणाचं काही बिघडत नाही, कारण त्या चित्रातून कोणी चालत जाणार नसतं. अ‍ॅनिमेशनचं बॅकग्राउंड मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी पायांखाली जायचं असतं. मुलगी काढणारा अ‍ॅनिमेटर बहुधा वेगळा माणूस असतो, आणि ती कुठे किती मोठी दिसेल हे त्याला त्या चित्रावरूनच कळायला हवं. म्हणून इथे ग्रिड आखायची ती मुख्यतः पात्रासाठी, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. घरं सरळ दिसतात हा तिचा दुय्यम फायदा.

एक शॉट घेऊन हे नीट पाहू. जागा पुण्यातल्या कसबा पेठेतली, जुन्या वाड्यांची एक अरुंद गल्ली. सात-आठ वर्षांची एक मुलगी हातात दुधाची किटली घेऊन गल्लीच्या टोकाकडून आपल्या दिशेने धावत येते. शॉट सहा सेकंदांचा. कॅमेरा हलत नाही. फ्रेम नेहमीची, १९२० पिक्सेल रुंद आणि १०८० पिक्सेल उंच.

पहिली रेघ आडवी मारायची, ती क्षितिजरेषेची. क्षितिज म्हणजे आकाश टेकतं ती जागा, असं आपण शाळेत शिकतो. गल्लीत ते कधीच दिसत नाही. इथे क्षितिजरेषेचा अर्थ कॅमेऱ्याच्या डोळ्याची उंची. गोष्ट मुलीची आहे, म्हणून कॅमेरा तिच्याच डोळ्यांच्या उंचीवर ठेवू, जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर. फ्रेममध्ये ही रेघ वरून ४५० पिक्सेलवर मारली. खाली रस्त्यासाठी ६३० पिक्सेल उरले.

या एका रेघेत मोठी सोय आहे. जमीन सपाट असेल तर गल्लीत कुठेही उभ्या असलेल्या वस्तूला ही रेघ जमिनीपासून बरोबर १२० सेंटिमीटरवर कापते, मग ती वस्तू जवळ असो वा लांब. मुलगी गल्लीच्या टोकाला असो की आपल्या पुढ्यात, रेघ तिच्या डोळ्यांतूनच जाणार. वाड्याचा ओटा ६० सेंटिमीटर उंच असेल, तर त्याची वरची कड कुठेही जमीन आणि क्षितिजरेषा यांच्या बरोबर मध्यावर येणार. दिंडी दरवाजा १८० सेंटिमीटरचा असेल, तर जमिनीपासून रेघेपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या निम्मं आणखी वर चढायचं, की दाराची चौकट सापडली. पट्टी हातात न घेता सगळ्या गल्लीची मापं या रेघेवरून काढता येतात.

ही युक्ती आजची नाही. फ्लॉरेन्सच्या लिओन बात्तिस्ता आल्बेर्तीने १४३५ मध्ये चित्रकलेवर ‘दे पिक्तुरा’ हा ग्रंथ लिहिला. त्यात फरशीच्या चौकटी आखण्याची रीत दिली आहे. तो उभ्या माणसाच्या उंचीचे तीन भाग करतो, त्यातला एक भाग फरशीचं माप म्हणून घेतो आणि मधली आडवी रेघ त्या माणसाच्या उंचीवर ठेवतो. म्हणजे चित्रातली माणसं आणि त्यांच्या पायांखालची जमीन एकाच मापाने बांधलेली. अ‍ॅनिमेशनच्या बॅकग्राउंडला नेमकं हेच हवं असतं.

आता व्हॅनिशिंग पॉइंट. गल्ली सरळ समोर जाते असं तूर्त धरू आणि क्षितिजरेषेच्या मध्यावर एक टिंब देऊ. गल्लीच्या लांबीने जाणाऱ्या सगळ्या रेषा, म्हणजे ओट्यांच्या कडा, सज्जे, कौलांची वळचण, गटाराची कड, या टिंबाकडे धावतील. इथवर सगळ्यांना येतं. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर. लांबीच्या दिशेने मापं कशी घ्यायची? सहा मीटरवरचा विजेचा खांब कागदावर नेमका कुठे रोवायचा?

त्यासाठी आणखी एक गोष्ट ठरवावी लागते आणि नवशिके तीच विसरतात. चित्र डोळ्यापासून किती लांब धरलं आहे असं मानायचं, हे ते माप. मी सहसा फ्रेमच्या रुंदीइतकंच, म्हणजे १९२० पिक्सेल, धरतो. त्यातून डोळ्यासमोरचा साधारण ५३ अंशांचा पट्टा चित्रात येतो. गल्लीतल्या शॉटला तेवढा रुंदपणा पुरतो आणि कडेची घरं ओढल्यासारखीही होत नाहीत. कॅमेऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ३६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर ३६ मिलिमीटरची लेन्स.

एवढं ठरलं की पुढचा हिशेब शाळकरी त्रैराशिकाचा आहे. कॅमेऱ्याची उंची १.२ मीटर, तिला १९२० ने गुणलं की २३०४ येतात. जमिनीवरची कुठलीही जागा क्षितिजरेषेच्या किती खाली येईल, हे पाहायला २३०४ ला त्या जागेच्या मीटरमधल्या अंतराने भागायचं. सहा मीटरवरची जमीन ३८४ पिक्सेल खाली, बारा मीटरवरची १९२, अठरावरची १२८, चोवीसवरची ९६. फ्रेमच्या तळाला, म्हणजे ६३० पिक्सेल खाली, जी जमीन दिसते ती आपल्यापासून जेमतेम पावणेचार मीटरवर आहे.

सहा-सहा मीटरवर विजेचे खांब असतील तर त्यांचे पाय वरच्या चार जागांवर येतील. इथे एक हमखास चूक होते. पहिला खांब ३८४ वर, दुसरा १९२ वर, म्हणजे प्रत्येक वेळी निम्मं होतं असं समजून तिसरा ९६ वर आणि चौथा ४८ वर ठोकला जातो. चित्र वरवर पाहता बरं दिसतं. प्रत्यक्षात ते खांब सहा, बारा, चोवीस आणि अठ्ठेचाळीस मीटरवर गेलेले असतात. पुढचा प्रत्येक खांब आधीच्यापेक्षा दुप्पट लांब. गल्ली मागे ताणली जाते आणि तिच्यातून धावणारी मुलगी खांबामागून खांब असमान वेळात ओलांडते. स्थिर चित्रात हे कोणाला कळणार नाही. ती हलली की लगेच कळतं.

आकडे नको असतील तर कर्णाची जुनी रीत आहे. पहिल्या खांबाचा माथा आणि पाय व्हॅनिशिंग पॉइंटला जोडायचे. खांबाच्या मध्यावरूनही एक रेघ तिकडे न्यायची. मग पहिल्या खांबाच्या माथ्यापासून, दुसऱ्या खांबाच्या मध्यातून तिरपी रेघ सोडायची. ती जमिनीच्या रेघेला जिथे लागेल, तिथे तिसरा खांब. दुसऱ्याच्या माथ्यापासून तिसऱ्याच्या मध्यातून तसंच केलं की चौथा. पहिल्या दोन खांबांमधलं अंतर मात्र आधी ठरवून घ्यावं लागतं, आणि तेही रेघेने सापडतं. जमिनीवर आखलेल्या चौरसांचे कर्ण क्षितिजरेषेवर व्हॅनिशिंग पॉइंटपासून दोन्ही बाजूंना १९२० पिक्सेलवर जाऊन मिळतात. डोळ्याचं जे अंतर आपण धरलं तेच हे. हे बिंदू फ्रेमच्या बाहेर पडतात, म्हणून फाइल पहिल्यापासून फ्रेमच्या तिप्पट रुंद घ्यावी आणि फ्रेम तिच्या मधोमध आखावी. कागदावर काम करणारे टेबलावर खिळा ठोकून त्याला दोरा बांधतात आणि ताणलेल्या दोऱ्याच्या आधाराने रेघा मारतात. क्रितासारख्या सॉफ्टवेअरमध्ये व्हॅनिशिंग पॉइंटचा असिस्टंट मिळतो. तो एकदा मांडला की ब्रश त्या रेषेला धरून चालतो. दोऱ्याचंच काम ते.

गल्लीची रुंदी चार मीटर धरली तर एक छान गोष्ट समोर येते. दोन्ही बाजूंच्या भिंती फ्रेमच्या कडांना बरोबर चार मीटरवर भिडतात. आणि वाड्यांची वळचण सहा मीटर उंच असेल, तर ती वीस-एकवीस मीटरच्या अलीकडे दिसतच नाही, कारण त्याच्या अलीकडची वळचण फ्रेमच्या वर निघून जाते. म्हणजे या शॉटमध्ये आकाश असेल तर ते गल्लीच्या टोकाला, लहानशा तुकड्याएवढं. बाकी सगळीकडे भिंती, गज, सज्जे. कसब्यातल्या गल्लीत उभं राहिल्यावर जो कोंडलेपणा वाटतो, तो रंग लावण्याआधीच ग्रिडमधून आलेला असतो. दिग्दर्शकाला जास्त आकाश हवं असेल तर ते इथे, पेन्सिलवर असतानाच बोलून घ्यावं. क्षितिजरेषा खाली आणली की आकाश वाढतं आणि रस्ता कमी होतो. चित्र पूर्ण रंगवून झाल्यावर रेघ सरकवायची म्हणजे सगळंच पुन्हा.

आता मुलगी. तिची उंची १३० सेंटिमीटर, म्हणजे डोळ्यांच्या वर दहा सेंटिमीटर डोकं. चोवीस मीटरवर ती १०४ पिक्सेल उंच दिसेल, बारा मीटरवर २०८ आणि सहा मीटरवर ४१६. सेकंदाला तीन मीटर, असा लहान मुलाच्या धावण्याचा वेग धरला तर चोवीसवरून सहावर यायला बरोबर सहा सेकंद लागतात. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं, तर एकूण ७२ चित्रं.

आणि इथे या सगळ्या खटाटोपाचं चीज होतं. ग्रिड नसलेला अ‍ॅनिमेटर काय करतो? सुरुवातीची मुलगी १०४ पिक्सेलची, शेवटची ४१६ ची, मधल्या सहा सेकंदांत ती सारखी वाढवत नेतो, दर सेकंदाला ५२ पिक्सेलने. ऐकायला रास्त वाटतं. पण पहिल्या सेकंदाअखेर ती १५६ पिक्सेलची झाली याचा अर्थ ती सोळा मीटरवर पोचली. एका सेकंदात आठ मीटर धावली, म्हणजे ऑलिम्पिकच्या धावपटूसारखी. शेवटच्या सेकंदात मात्र ३६४ वरून ४१६ वर येताना तिने मीटरभरही अंतर कापलं नाही. पायांची लय तीच, चित्रं तितकीच, पण ती आधी झेपावते आणि नंतर जागच्या जागी पाय आपटते. सुरुवातीला म्हटलं तसं ‘काहीतरी खटकतं’ त्याचं सर्वांत मोठं कारण हे आहे.

ग्रिड धरून केलं तर पहिल्या सेकंदात ती १०४ वरून ११९ पिक्सेलवर जाते, फक्त पंधराने वाढते. शेवटच्या सेकंदात २७७ वरून ४१६ वर, जवळजवळ १४० ने. बराच वेळ लांबच राहिलेली मुलगी एकदम अंगावर आल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात आपल्याकडे धावत येणारं मूल असंच दिसतं. बॅकग्राउंड करणाऱ्याने म्हणून चित्रासोबत जमिनीची एक वेगळी पाटी द्यावी. तिच्यावर मीटर-मीटरवर आडव्या रेघा असाव्यात आणि त्यांच्यापुढे अंतर लिहिलेलं असावं. अ‍ॅनिमेटर तिच्यावर पावलं मोजतो. प्रत्येक चित्रात मुलगी पाव मीटर पुढे सरकणार, हे त्याला माहीत असतं. पाऊल कुठे टेकवायचं ते पाटी सांगते.

तपासायची सोपी पद्धतही सांगतो. मुलीची एक सपाट आकृती कापून घ्या, तिच्या डोळ्यांवर एक ठिपका द्या आणि ती चोवीस, बारा आणि सहा मीटरवर ठेवून पाहा. ठिपका प्रत्येक वेळी क्षितिजरेषेवर पडला पाहिजे आणि ओट्याची कड प्रत्येक वेळी तिच्या कमरेजवळ आली पाहिजे. एखाद्या जागी ओटा तिच्या गुडघ्याला लागला, तर मुलगी चुकलेली नाही, त्या वाड्याचा ओटा चुकलेला आहे.

इथपर्यंतची गल्ली मापात बसली, पण ती कसब्यातली दिसत नाही. एकाच टिंबाकडे धावणाऱ्या रेषांनी आखलेली गल्ली नव्या वसाहतीतल्या रो-हाउससारखी दिसते. जुन्या पेठांतले वाडे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या मालकांनी, मिळेल त्या जागेत बांधले. एक जरा रस्त्याकडे वळलेला, दुसरा मागे सरलेला, तिसऱ्याचा ओटा पुढे आलेला. हौशी चित्रकार तो वाकडेपणा हाताने आणायला जातो, रेषा थरथरवतो, आणि सगळी गल्ली डळमळते. खरं उत्तर असं, की प्रत्येक वाड्याला त्याचा स्वतःचा व्हॅनिशिंग पॉइंट द्यायचा, पण सगळे बिंदू त्याच एका क्षितिजरेषेवर ठेवायचे. वाडा तीन अंश वळलेला असेल तर त्याचा बिंदू मधल्या टिंबापासून १०० पिक्सेल बाजूला जातो. पाच अंश वळला तर १६८ पिक्सेल. एवढ्या थोड्या सरकण्यानेही गल्लीत जीव येतो. सज्ज्यांच्या रेषा एकमेकींशी किंचित भांडतात, ओट्यांच्या कडा तुटक होतात आणि तरीही मुलगी प्रत्येक ओट्याशेजारी योग्य उंचीची दिसते, कारण जमीन आणि क्षितिजरेषा सगळ्यांची एकच आहे. उभ्या रेषा मात्र उभ्याच ठेवाव्यात. कॅमेरा सरळ समोर पाहतो आहे, वर किंवा खाली वाकलेला नाही. भिंत मुद्दाम कललेली दाखवायची नसेल तर तिला ओळंब्यातच राहू द्यावं.

सगळ्यात जास्त बारकाईने मी काय पाहतो, असं विचाराल तर एक गोष्ट सांगेन. क्षितिजरेषा एक की अनेक, ते. घाईच्या कामात डाव्या बाजूचे वाडे एका फोटोवरून येतात आणि उजवीकडचे दुसऱ्या. फोटो काढणाऱ्याने एकदा उभं राहून काढलेला असतो, एकदा ओट्यावर बसून. दोन्ही बाजू आपापल्या जागी निर्दोष असतात. एकत्र आल्या की डावी गल्ली उजव्या गल्लीहून अर्ध्या मीटरने उंच जमिनीवर उभी असल्यासारखी वाटते. फोटो वापरावेत, पण प्रत्येक फोटोतल्या दोन-तीन रेषा लांबवून त्याची क्षितिजरेषा कुठे होती ते आधी शोधावं आणि ती आपल्या रेघेवर बसवूनच पुढे जावं.

मुलगी गल्लीतून चौकात येते, तो पुढचा शॉट. तिथे कोपऱ्यावरचा वाडा दोन्ही बाजूंनी दिसतो आणि दोन व्हॅनिशिंग पॉइंट लागतात. ते मनाला येतील तिथे ठेवता येत नाहीत. वाड्याचा कोपरा काटकोनाचा असेल तर मध्यापासून दोन्ही बिंदूंच्या अंतरांचा गुणाकार डोळ्याच्या अंतराच्या वर्गाइतका यायला हवा. आपल्या १९२० च्या मापाने, वाडा तीस अंशांनी वळलेला असेल, तर एक बिंदू मध्यापासून ११०८ पिक्सेलवर येतो आणि दुसरा ३३२५ वर. पहिला फ्रेमच्या कडेबाहेर जेमतेम दीडशे पिक्सेल, दुसरा फ्रेमच्या रुंदीहूनही लांब. म्हणून चौकाच्या चित्राला मोठी फाइल लागते, आणि नवशिक्याला ती नको असते. तो दोन्ही बिंदू फ्रेमच्या आत आणतो, समजा मध्यापासून आठ-आठशेवर. तेवढ्याने डोळ्याचं अंतर ८०० वर येतं आणि चित्र शंभर अंशांच्या लेन्सने घेतल्यासारखं होतं. वाडा जहाजाच्या नाकासारखा पुढे येतो. अशी लेन्स मुद्दाम वापरली तर तिचा वेगळाच परिणाम होतो. ‘टेक्कोन किनक्रीट’ या २००६ च्या जपानी चित्रपटात शहर असंच फुगवून, ताणून दाखवलं आहे आणि ते त्या गोष्टीला शोभतं. आपली किटली घेतलेली मुलगी तिथे हरवून जाईल.

पडताळा घ्यायचा असेल तर दोन बिंदूंमधल्या रेघेला व्यास धरून एक वर्तुळ काढावं. जमिनीवरचा काटकोनी कोपरा त्या वर्तुळाच्या आत असेल तर तो पसरट दिसतो आणि डोळ्याला पटतो. वर्तुळाबाहेर गेला की तो काटकोनापेक्षा चिंचोळा होतो आणि ओट्याला टोक फुटल्यासारखं वाटतं. तीस अंशांच्या आपल्या मांडणीत पूर्ण फ्रेम त्या वर्तुळात मावते. आठशेच्या मांडणीत कडेचे कोपरे बाहेर पडतात.

ग्रिडची एक मर्यादाही मान्य करायला हवी. ती एका जागी उभ्या कॅमेऱ्यासाठी आहे. मुलगी आडवी धावते आहे आणि कॅमेरा तिच्याबरोबर बाजूने सरकतो आहे, असा शॉट आला की एक लांबलचक चित्र काढून ते सरकवून भागत नाही. चित्राबरोबर व्हॅनिशिंग पॉइंटही सरकतो. दोन वाड्यांमधला बोळ खऱ्या आयुष्यात पुढून जाताना उघडतो आणि मिटतो. सरकवलेल्या चित्रात त्याच्या भिंती गोठलेल्या राहतात. यावर जुना उपाय थरांचा. जवळचे वाडे एका थरावर, मागची घरं दुसऱ्यावर, त्यामागची झाडं तिसऱ्यावर, आणि प्रत्येकाचा वेग त्याच्या अंतरावरून. कॅमेरा सेकंदाला तीन मीटर सरकत असेल तर सहा मीटरवरचा थर दर फ्रेमला ४० पिक्सेल सरकतो, बारा मीटरवरचा २० आणि चोवीस मीटरवरचा १०. डिस्नेच्या स्टुडिओत १९३७ सालच्या ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात काचेच्या थरांचा मल्टिप्लेन कॅमेरा वापरला गेला तो याच कारणासाठी. आज तेच काम संगणकावर होतं. अशा शॉटमध्ये लांबीने मागे जाणाऱ्या रेषा शक्य तितक्या टाळाव्यात. बोळ अंधारात ठेवावा, किंवा त्याची मागची भिंत वेगळ्या थरावर घेऊन ती हळू सरकू द्यावी. दोन्हीपैकी मला दुसरं आवडतं. तेवढ्याने बोळ उघडल्याचा भास होतो.

गल्ली नदीकडे उतरणारी असेल तर रस्त्याच्या कडा क्षितिजरेषेवर मिळत नाहीत, तिच्याखालच्या एका बिंदूत मिळतात. चढण असेल तर वरच्या. घरांच्या खिडक्या आणि सज्जे मात्र समतलच बांधलेले असतात, त्यांचा बिंदू रेघेवरच राहतो. उतारावरच्या मुलीच्या डोळ्यांतून क्षितिजरेषा जाणार नाही, हे अ‍ॅनिमेटरला आधी सांगावं, नाहीतर तो मघाचा नियम लावून तिला हवेत उभी करेल.

हल्ली बरेचजण ब्लेंडरमध्ये ठोकळ्यांची गल्ली उभी करून तिच्यावरून रेघा उतरवतात. त्यात गैर काही नाही, वेळ वाचतो. पण तिथेही कॅमेऱ्याची उंची आणि लेन्स कोणीतरी ठरवावीच लागते. ती ठरवणाऱ्याने हाताने एकदा तरी ग्रिड आखलेली असली, तर ठोकळ्यांची गल्ली कुठे चुकते आहे ते त्याला लगेच दिसतं.

जे विद्यार्थी पहिली छोटी फिल्म करायला घेत आहेत, त्यांना एक विनंती. चित्र रंगवून झालं की ग्रिडचा थर पुसू नका. तो बंद करून ठेवा आणि फाइलच्या नावातच कॅमेऱ्याची उंची आणि डोळ्याचं अंतर लिहा. दिग्दर्शक दोन महिन्यांनी येऊन म्हणेल की या गल्लीत आता एक सायकलवालाही हवा. तेव्हा ते दोन आकडे असतील, तर सायकल पाच मिनिटांत रस्त्यावर उभी राहील.